टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडावर हातभरत: मागे काय लावावं, रिंग कशी चढवावी?

आबोली_डिचोली

नमस्कार मंडळी. चवथीसाठी घरातल्या मुलींच्या टी-शर्टवर आबोलीचा घोस भरायचा आहे. छातीच्या डाव्या बाजूला, साधारण ६ सेमी रुंद आणि ७ सेमी उंच. कापड सुती होजिअरी, त्यात थोडा लायक्रा, लेबलवर १८० जीएसएम लिहिलंय. सहापदरी दोऱ्याचे २ पदर घेऊन पाकळ्या भरीव टाक्याने आणि देठ देठटाक्याने करायचे आहेत.

त्याच कापडाच्या तुकड्यावर एक फूल भरून पाहिलं. रिंगमध्ये आहे तोवर सुरेख दिसतं. रिंग काढली की फुलाभोवती लाटा उठतात आणि इस्त्रीनेही बसत नाहीत. मागे काहीच लावलेलं नव्हतं. दुकानात कुणी बक्रम दाखवतं, कुणी मशीनभरताचा कागद, कुणी पाण्यात विरघळणारी फिल्म. नेमकं काय घ्यावं आणि रिंग किती घट्ट असावी?

सुईदोरा_म्हापसा

ताई, रिंग सैल राहिली असणार. कापड घुमटाच्या चामड्यासारखं ताणून बसवायचं, बोट मारलं की आवाज आला पाहिजे. मागे मशीनभरतवाल्यांचा फाडायचा कागद लावा. स्वस्त मिळतो, भरून झालं की कडेने फाडून टाकायचा. चादरी, रुमाल, साड्या, सगळीकडे हीच पद्धत चालते.

यंत्रभरत_फोंडा

होजिअरीला ७५/११ ची बॉलपॉइंट सुई लावा, वेग निम्म्यावर आणा आणि वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. डिझाइनमध्ये टाक्यांची दाटी कमी केली की लाटा येत नाहीत.

आबोली_डिचोली

भाऊ, मशीन नाही, हातानेच भरायचंय.

उलटसुलट

सुईदोरा, तुमची पद्धत न ताणणाऱ्या विणलेल्या कापडाला बरोबर आहे. चादरीवर ती चालते, कारण ते कापड रिंगमध्ये फारसं वाढतच नाही. होजिअरीत तीच गोष्ट उलटते आणि आबोलीताईंच्या लाटा तिथूनच आल्या आहेत.

होजिअरी म्हणजे एकात एक अडकवलेले फासे. आडवं ओढलं की फासे रुंदावतात, सोडलं की परत मिटतात. समजा रिंगमध्ये १० सेमी कापड ताणून ११ सेमी झालं आणि त्या स्थितीत पाकळी भरली. रिंग काढल्यावर भोवतालचं कापड १० वर परत जातं. पाकळीखालचं जाऊ शकत नाही, कारण भरीव टाक्यांनी ते ताणलेल्या मापावरच धरून ठेवलंय. मधला भाग मोठा आणि भोवतालचा लहान, म्हणून कडेने लाटा. इस्त्री हा फरक मिटवू शकत नाही, ती फक्त सुरकुती दाबते.

पण लाटा कधी दिसल्या हे आधी पाहा. कारण त्यावरून कळतं. रिंगमध्ये असतानाच टाक्याशेजारी चुणी पडत असेल तर दोरा जास्त ओढला जातोय. रिंग काढताक्षणी लाटा उठल्या तर कापड ताणून बसवलं होतं. सगळं नीट दिसलं आणि पहिल्या धुण्यानंतर बिघडलं तर कापड किंवा मागचा थर आटलाय. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात मोडतं.

आबोली_डिचोली

हो, रिंगमध्ये एकही चुणी नव्हती. मग रिंग सैल ठेवायची का? सैल ठेवली तर सुई टोचताना कापड खाली जातं आणि टाके वेडेवाकडे येतात.

उलटसुलट

सैलही नाही. कापड सपाट हवं, पण वाढलेलं नको. हे डोळ्यांनी नीट कळत नाही, म्हणून मोजायचं.

रिंग चढवण्याआधी, कापड टेबलावर मोकळं पडलेलं असताना, पाण्याने जाणाऱ्या पेनाने ५ सेमीचा चौकोन काढा. एक बाजू फाशांच्या उभ्या ओळीला समांतर ठेवा. मग रिंग चढवा आणि चौकोन परत मोजा. आडवी बाजू ५.२ झाली तरी काढून परत बसवा. उभ्या ओळी धनुष्यासारख्या वाकल्या असतील तर कापड एका बाजूने ओढलं गेलंय, मग माप बरोबर आलं तरी चालणार नाही.

ओढ बहुतेक वेळा नंतर लागते. रिंग बसली की सगळ्यांचा हात आपोआप कडेचं कापड चिमटीत धरून ओढायला जातो. होजिअरीत ते करायचंच नाही. आतली रिंग टेबलावर ठेवा, तिच्यावर कापड नुसतं पसरा. बाहेरच्या रिंगचा स्क्रू आधीच असा बसवून घ्या की ती तळव्याच्या दाबाने सरळ खाली बसेल. बसल्यावर स्क्रू अर्धा वेढा फिरवला तर पुरे. आतल्या रिंगला सुती फीत गुंडाळली असेल तर कापड घसरत नाही आणि मग ओढायची गरजच उरत नाही. फीत साधारण दीड सेमी रुंदीची, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढलेला, शेवट आतल्या बाजूला टाक्याने पक्का.

कापड सपाट राहण्याचं काम ताणाने करायचं नाही, मागच्या थराने करायचं. म्हणून तो थर कोणता हा प्रश्न रिंगइतकाच महत्त्वाचा आहे.

सुईदोरा_म्हापसा

मग कागद काय वाईट? त्याने कापड सपाटच राहतं.

उलटसुलट

भरताना राहतं. अडचण दोन ठिकाणी येते. हाताचे टाके मशीनसारखे दाट नसतात, त्यामुळे कागद टाक्याच्या कडेने स्वच्छ फाटत नाही. ओढून फाडावा लागतो आणि त्या ओढीत फासे आणि टाके दोन्ही सरकतात. दुसरं म्हणजे फाडल्यावर मागे आधार उरत नाही. टी-शर्ट अंगात घालताना दर वेळी छातीवर ताणला जातो. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, आणि हा झगडा रोज चालतो. म्हणून होजिअरीत काहीतरी कायम राहणारं मागे हवं.

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. घुमटासारखं ताणायचंच असेल तर मागचा थर ताणा, कापड नाही. पद्धत अशी की रिंगमध्ये फक्त न ताणणारा थर घट्ट बसवायचा आणि त्याच्यावर टी-शर्ट मोकळा ठेवून कच्च्या टाक्यांनी जोडायचा. टी-शर्ट रिंगच्या दोन कड्यांमध्ये येतच नाही, त्यामुळे तो वाढतही नाही आणि त्यावर रिंगचा वळही उठत नाही.

यंत्रभरत_फोंडा

मशीनवर आम्ही टी-शर्टला असंच करतो. त्यासाठी मऊ कापायचं बॅकिंग वापरतो. ते फाडायचं नसतं, भरून झाल्यावर कात्रीने कापायचं. मशीनभरताचं सामान विकणाऱ्यांकडे रोलमधून मीटरवर मिळतं. हलकं घ्या, जाड घेतलंत तर हाताची सुई जाताना बोटं दुखतील. कागद कुठला हे ओळखायला दोन्ही दिशांनी फाडून बघा. सहज फाटला तर तो फाडायचा, ओढूनही फाटला नाही तर कापायचा.

माई_पेडणे

माझा प्रश्न थोडा वेगळा. तान्ह्या बाळाच्या झबल्यावर नाव भरायचंय, कापड इंटरलॉक. हे बॅकिंग बाळाच्या अंगाला टोचेल ना? नुसतं विरघळणारं लावलं तर?

उलटसुलट

माई, इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखं विणलेलं असतं, साध्या जर्सीपेक्षा जाड आणि कमी ताणणारं. त्यावर बारीक अक्षरं साखळीटाक्याने किंवा देठटाक्याने भरायची असतील तर विरघळणारं एकटं पुरतं. हे दोन्ही टाके कापडाबरोबर थोडे हलतात, भरीव टाक्यासारखे एका जागी जखडत नाहीत. भरून, धुऊन, वाळल्यावर उलट्या बाजूने अगदी पातळ विणीचं फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवा, म्हणजे दोऱ्यांची टोकं बाळाच्या कातडीला लागणार नाहीत. कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरा धुण्यात आधी सुटतो.

आबोलीताईंच्या पाकळ्या भरीव आहेत आणि कापड पातळ, म्हणून त्यांना एवढ्याने भागणार नाही.

आबोली_डिचोली

मग माझ्यासाठी नेमकं काय? फ्यूजिंग, कापायचं बॅकिंग की विरघळणारं? आणि पाच टी-शर्ट आहेत, फार महाग पडायला नको.

उलटसुलट

तुमच्या घोसासाठी दोन थर घ्या. मागे विणीचं हलकं फ्यूजिंग, जे कायम राहील. पुढे विरघळणारं चिकट कापड, ज्यावर चित्र काढायचं. दुकानात नुसतं फ्यूजिंग मागितलंत तर शर्टाच्या कॉलरचं कडक देतील. बनियनसारखं विणलेलं, हलकं, एका दिशेने थोडं ताणणारं हवं असं सांगा.

टी-शर्ट आधी धुऊन, वाळवून घ्या. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते. न धुता भरलंत तर कापड आटेल, दोरा आणि फ्यूजिंग तेवढे आटणार नाहीत, आणि मग आधी सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या चुण्या येतील.

घोस ६ बाय ७ आहे, तर फ्यूजिंग ११ बाय १२ सेमी कापा, म्हणजे चारी बाजूंनी अडीच सेमी जास्त राहील. ते हाताने ओढून त्याची न ताणणारी दिशा शोधा आणि ती टी-शर्टच्या आडव्या दिशेला ठेवा, कारण टी-शर्ट आडवाच जास्त ताणतो. टी-शर्ट उलटा करून टेबलावर हात न लावता पडू द्या. फ्यूजिंगची खरखरीत, चिकट बाजू कापडाकडे. वर ओलसर पातळ कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री दाबा, १० ते १२ सेकंद, मग उचलून पुढच्या जागी. इस्त्री सरकवलीत तर खालची होजिअरी वाढते आणि त्याच वाढलेल्या मापावर चिकटते, म्हणजे रिंगची चूक इस्त्रीने केल्यासारखं. इस्त्री फार कडक नको, लायक्रा उष्णतेने मरतो. पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका.

आता ५ सेमीचा चौकोन काढून रिंग चढवा. १५ सेमीची रिंग घ्या, म्हणजे घोसाभोवती हात फिरायला जागा राहते. फ्यूजिंग ११ बाय १२ चंच आहे, त्यामुळे कडेला नुसती होजिअरी रिंगमध्ये येईल. ती ओढली जाऊ नये म्हणून मागे हलक्या कापायच्या बॅकिंगचा २० सेमीचा तुकडा कच्च्या टाक्याने जोडा आणि दोन्ही मिळून रिंगमध्ये घ्या. टाके आधी मधोमध अधिक चिन्हासारखे, मग कडेने, प्रत्येक सुमारे १ सेमी. मधून बाहेर गेलं की कापडाची लाट बाहेर ढकलली जाते, बाहेरून आत आलात तर ती मध्येच अडकते. भरून झाल्यावर हे बॅकिंग कडेने कापून टाकता येतं, फ्यूजिंग राहतं.

सांगेकर

विरघळणाऱ्याबद्दल एक सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढून घेतं. फिल्म लिबलिबीत होते, हाताच्या घामाने बोटाला चिकटते, रात्रभर रिंगमध्ये राहिली तर सकाळी ढिली पडलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये फिल्मच्या जागी कापडासारखं विरघळणारं बरं, ते एवढं लोंबत नाही. उरलेलं झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

आणि चिकट प्रकारात सुईवर डिंक जमतो. सुई ओढायला जड लागली की स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, जोर लावून ओढू नका.

आबोली_डिचोली

हे मोलाचं सांगितलंत. सुई कुठली घेऊ? घरात ७ नंबरची भरतकामाची आहे.

उलटसुलट

२ पदरांना ७ नंबर जाड आहे. ९ किंवा १० घ्या. आकडा वाढला की सुई बारीक होते. जाड सुई फासा बाजूला सारण्याऐवजी तोडते आणि ते भोक भरताना दिसत नाही, दोन-चार धुण्यांनंतर टाक्याशेजारी जाळी पडते. सुई टोचताना कानाला टिक असा बारीक आवाज आला तर तंतू तुटतोय असं समजा, लगेच सुई बदला.

हाताने भरायची बॉलपॉइंट सुईही असते, बोथट टोकाची, फाशांमधून घसरून जाणारी.

सुईदोरा_म्हापसा

पण बोथट सुई फ्यूजिंग आणि बॅकिंगमधून जाईल का? मला तर टोकदार, बारीकच सोयीची वाटते.

उलटसुलट

हे मान्य. कापायच्या बॅकिंगमधून बोथट सुई अडते आणि जोर लावावा लागतो. मागे थर असेल तर टोकदार बारीक, थर नसेल किंवा फक्त विरघळणारं असेल तर बोथट, असं मला वाटतं. दोन्ही बाजूंनी चांगलं काम झालेलं पाहिलंय, त्यामुळे यावर मी हट्ट धरणार नाही. तुकड्यावर दोन्ही चालवून बघा.

टाक्यांबद्दल मात्र ठामपणे सांगते. आबोलीची पाकळी जिथे ६-७ मिलीमीटरपेक्षा रुंद होते तिथे एकच लांब टाका घालू नका. बाहेरून लांब आणि आखूड असे आळीपाळीने टाके घ्या. लांब टाका बांगडीत, पर्सच्या चेनीत अडकतो आणि एक ओढला की शेजारचे चार सैल पडतात. दोरा कापडावर टेकेल एवढाच ओढा, त्यापुढे ओढलात तर टाक्याखालचे फासे एकत्र येतात आणि पाकळीच्या मधे खळगा पडतो. दोन फुलांमध्ये मागून दोरा १ सेमीपेक्षा लांब नेऊ नका. तो उडी मारलेला दोरा कापडाला ताणू देत नाही आणि पुढे चुणी आणतो. तिथे तोडा, नव्याने सुरू करा. सुरुवातीला एकच गाठ नको, ती फाशातून सुटून वर येते. बॅकिंगमध्ये दोन बारीक उलटे टाके घ्या.

माई_पेडणे

टी-शर्ट नळीसारखा असतो, भरताना मागची बाजूही शिवली जाते. त्यावर काही उपाय?

यंत्रभरत_फोंडा

आत पुठ्ठा घालतात, पण हाताने भरताना पुठ्ठ्यामुळे खालचा हात आत जात नाही.

उलटसुलट

बरोबर, पुठ्ठा फक्त चित्र काढताना. भरताना टी-शर्टचं खालचं तोंड आपल्याकडे ठेवून एक हात आत घाला, आणि उरलेलं कापड गुंडाळून कपड्यांच्या चिमट्याने रिंगच्या बाजूला अडकवा. चिमटा रिंगवर लावू नका, गुंडाळीवर लावा. मोकळं लोंबतं कापड स्वतःच्या वजनाने रिंगमधलं कापड खाली ओढतं, मग तुम्ही कितीही नीट मोजलेलं असो. दर बैठकीनंतर रिंग काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी परत मोजून चढवा.

सांगेकर

रिंग रोज काढायची याला माझा विरोध आहे. चिकट विरघळणारं दर वेळी सुटतं आणि चित्र हलतं. दोन दिवसांचं काम असेल तर रिंग तशीच ठेवून स्क्रू सैल करणं बरं.

उलटसुलट

चित्र हलतं हे खरं. पण घट्ट रिंगखाली लायक्राचं कापड दोन दिवस राहिलं तर वळ धुऊनही जात नाही. म्हणून कच्चा टाका विरघळणाऱ्यातूनही घ्यावा, मग रिंग काढली तरी चित्र जागेवर राहतं. स्क्रू सैल करून वळ येत नाही का, ते तुमच्याकडच्या कापडावर बघून सांगा.

आबोली_डिचोली

विरघळवायचं कसं? पाकळ्यांचा दोरा शेंदरी आहे, रंग जाईल याची भीती वाटते.

उलटसुलट

आधी दोऱ्याचं १० सेमी टोक ओलं करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. डाग पडला तर तो दोरा वापरू नका. पडला नाही तर आधी वरचं विरघळणारं जादा कात्रीने कापून काढा, म्हणजे पाण्यात गोंद कमी जातो. मग कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा आणि वाहत्या पाण्याखाली बोटांनी हळू चोळा. बुळबुळीत लागतंय तोवर गोंद आहे. राहिला तर वाळल्यावर भरलेला भाग खळ घातल्यासारखा कडक होतो. तसं झालं तर परत भिजवा, काही बिघडत नाही.

पिळू नका. जाड पंचात गुंडाळून दाबा आणि सपाट वाळत घाला. दोरीवर टांगलात तर ओली होजिअरी लांबते. इस्त्री उलट्या बाजूने, खाली मऊ टॉवेल ठेवून, भरीव टाके चपटे होणार नाहीत अशी.

माई_पेडणे

मोठ्या मुलीच्या टी-शर्टच्या गळपट्टीवर, म्हणजे रिबवर, वेल भरता येईल का?

उलटसुलट

गळपट्टी डोक्यातून जाताना खूप ताणते. मागे काही कायम लावलंत तर डोकंच जाणार नाही. नाही लावलंत तर टाके तुटतील किंवा रिब लाटेसारखी उभी राहील. मला यावर भरवशाचं उत्तर सापडलेलं नाही. रिबच्या जरा खाली, जर्सीवर वेल घेणं हाच पर्याय मी सुचवेन.

सुईदोरा_म्हापसा

हेरिंगबोन टाका घेतला तर? तो तिरपा असल्याने थोडा उघडतो. फ्यूजिंगशिवाय, फक्त विरघळणारं लावून.

उलटसुलट

तिरपा टाका उघडतो खरा. रिब सेंटीमीटरमागे किती ताणते आणि तो टाका किती उघडतो, हे तुकड्यावर मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. तुमच्याकडे रिब असेल तर १० सेमी तुकड्यावर भरा, पूर्ण ताणून सोडा, असं वीस वेळा करा, आणि इथे लिहा.

आबोली_डिचोली

देव बरें करूं सगळ्यांना. उद्या आधी टी-शर्ट धुते आणि विणीचं फ्यूजिंग शोधते. त्याच्यासोबत कापायचं बॅकिंग एक मीटर पुरेल का?

यंत्रभरत_फोंडा

रोलची रुंदी विचारून घ्या. २० सेमीचे पाच चौकोन लागणार. रुंदी एक मीटर असेल तर अर्धा मीटर घेऊनही उरेल, मग तुकड्यावर सराव करता येईल.